खिडकीच्या खाचेतली माती आणि भिंतीची ओल

नवेगाव बांध हा धानाचा पट्टा. मळणीच्या दिवसांत कोंड्याची बारीक धूळ घरात येते, उन्हाळ्यात रस्त्याची माती. ती ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या खाचेत साचते आणि पहिल्या पावसात भिजून घट्ट बसते. मग खिडकी अडते. पण खरे नुकसान पाण्याचे असते.

खाचेच्या बाहेरच्या अंगाला बारीक भोके किंवा चिरा असतात. आत शिरलेले पावसाचे पाणी तिथून बाहेर पडायला हवे. मातीने ती बुजली की पाणी खाचेत भरते आणि आतल्या काठावरून भिंतीत उतरते. एका घरी खिडकीखालची भिंत दर पावसाळ्यात काळी पडायची, घरचे छताला दोष देत होते. आम्ही खाच पाहिली, तर दोन्ही भोके बुजलेली. एक पेरभर पाणी साचले होते.

साफसफाई कोरडीच सुरू करावी. आधी पाणी ओतले की मातीचा चिखल होऊन तो भोकांत जाऊन बसतो. नाकातोंडाला ओला रुमाल बांधा, दम्याचे लेकरू असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत पाठवा. जुन्या दातांच्या ब्रशने माती सैल करा. कोपऱ्यात घट्ट बसलेली माती स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला फडके गुंडाळून उकरा. नुसते लोखंड लावले तर खाचेवर ओरखडे पडतात आणि चाके अडखळतात. माती चमच्याने उचलून कागदावर घ्या. भोकांत सायकलचा जुना स्पोक घालून ती मोकळी करा. त्यानंतरच साबणाचे पाणी आणि ब्रश. टॉयलेट क्लीनर किंवा धुण्याचा सोडा वापरू नका, दोन्हींनी ॲल्युमिनियम खराब होते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र झाली तर विषारी वायू निघतो, हे तर कधीच करू नका.

शेवटी खाचेत पेलाभर पाणी हळूहळू ओता. ते बाहेर वाहून गेले तर काम झाले. नाही गेले, तर कधी गिलावा करताना मिस्त्रीने सिमेंटनेच भोके बुजवलेली असतात. तिथे आपण घासून उपयोग नाही, मिस्त्रीलाच बोलवा.

डेंग्यूचा डास थोड्याशा साचलेल्या पाण्यातही अंडी घालतो. पाणी आटले तरी ती अंडी काठाला चिकटून महिनोन्महिने जगतात. म्हणून पाणी नुसते पुसू नका, खाचेच्या कडाही घासा.

तेल घालायचा मोह होतो. तेलाला धूळ चिकटते आणि महिन्याभरात चिकट लगदा तयार होतो. कोरड्या खाचेवर मेणबत्ती घासली तर खिडकी हलकी सरकते. सरकत्या दाराची जमिनीतली खाच दर आठवड्याला झाडावी, तिथे चपलांची वाळू रोजच पडते. खिडकीचे पाखे काढायचे असेल तर दोघांनी धरून वर उचलावे आणि खालची बाजू आत ओढावी. एकट्याने हे करू नये, काच जड असते.