चेण्याचा काळा दगड आणि कायद्यातील एक भागाकार

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने गायमुख ओलांडले की डावीकडे येऊरच्या डोंगराची उतरण आणि उजवीकडे खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात चेणे लागते. येथला कातळ दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे ज्याने महाराष्ट्राचे गड, लेणी, घाट आणि अलीकडे महामुंबईचे रस्ते व इमारती घडविल्या त्याच पाषाणाचा आहे. दगडाची धूळ माणसाच्या फुफ्फुसात शिरून काय करते, हा विषय गेली कित्येक वर्षे माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे. आणि जेव्हा जेव्हा मी तो काढला, तेव्हा तेव्हा खाणीच्या व्यवहारातील माणसांकडून मला एकच उत्तर मिळाले, की आपला दगड काळा, त्यात गारगोटी नाही, म्हणून सिलिकोसिसची भीती राजस्थानच्या वालुकाश्माला आणि कोलारच्या सोन्याच्या खाणीला, आपल्याला नाही. हे उत्तर अर्धे खरे असल्यामुळेच अधिक तपासून पाहण्याजोगे आहे.

अर्धे खरे कसे, ते आधी सांगतो. काळ्या पाषाणाचे रासायनिक पृथक्करण केले तर त्यात सिलिका वजनाने सुमारे निम्मी भरते, आणि तो आकडा पाहून एखादा उत्साही मनुष्य घाबरून जाईल. परंतु ती बहुतेक सिलिका चुना, लोह, मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम यांच्याशी बद्ध होऊन निराळीच खनिजे बनलेली असते, आणि बद्ध सिलिका फुफ्फुसात जो उत्पात करते तो मुक्त, स्फटिकरूप सिलिकेच्या, म्हणजे गारगोटीच्या मानाने पुष्कळच कमी असतो. म्हणून प्रयोगशाळेच्या कागदावर ‘सिलिका 50 टक्के’ असे वाचून भिणारा जसा चुकतो, तसाच ‘दगड काळा’ एवढे पाहून निर्धास्त होणाराही चुकतो. विचारावयाचा प्रश्न एकच, की श्वासात जाणाऱ्या सूक्ष्म धुळीत मुक्त स्फटिकरूप सिलिका किती टक्के आहे.

आणि हे टक्के खाणीगणिक, कित्येकदा एकाच खाणीत थरागणिक, बदलतात. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे जे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या पुढे खनिजांनी भरल्या; कोठे झिओलाइट, तर कोठे गारगोटी आणि अकीक. खंबायतेचे कारागीर ज्या अकिकाचे मणी घासतात तो मूळचा याच काळ्या पाषाणाच्या उदरातला, आणि खंबायतेत घासकाम करणाऱ्या कुटुंबांमध्ये सिलिकोसिस ही जुनी, नोंदलेली व्याधी आहे. दुसरे उदाहरण तर दूरचेही नाही. चेणे ज्या मिरा-भाईंदर महानगरपालिकेत मोडते, तिच्याच पश्चिम टोकाला डोंगरी व उत्तनच्या बाजूस काळ्या पाषाणाऐवजी रायोलाइट सापडतो. हाही ज्वालामुखीचाच दगड, परंतु फिकट, आणि सिलिकेने इतका समृद्ध की बद्ध होऊन उरलेली सिलिका मुक्त राहण्यास भरपूर वाव असतो. एकाच पालिकेच्या हद्दीतले दोन डोंगर धुळीच्या दृष्टीने दोन निरनिराळे पदार्थ आहेत.

ही सूक्ष्म धूळ म्हणजे डोळ्यांना दिसणारा धुरळा नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. दिसणारा कण नाकात किंवा घशात अडकतो व कफाबरोबर बाहेर पडतो. फुफ्फुसाच्या शेवटच्या वायुकोशापर्यंत पोहोचतो तो पाच मायक्रॉनच्या आसपासचा किंवा त्याहून लहान कण, जो केसाच्या जाडीच्या दशांशाहूनही बारीक असल्याने उन्हाच्या तिरिपेखेरीज दिसत नाही आणि संथ हवेत तासन्‌तास तरंगत राहतो. वायुकोशात भक्षकपेशी त्याला गिळतात. जिवाणू असता तर तो पेशीच्या पाचक पिशवीत विरघळला असता. गारगोटीचा कण विरघळत नाही, उलट त्याच्या पृष्ठभागामुळे ती पिशवीच फुटते, पेशी दाहाचे संदेश सोडून मरते, आणि मोकळा झालेला तोच कण पुढची पेशी गिळते. हे चक्र चालू असताना भोवती तंतूंचे थर साचत जाऊन घट्ट गाठी बनतात, प्रथम बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात, आणि पुढे त्या एकत्र येऊन मोठे पिंड होतात. नुकत्याच फोडलेल्या दगडाच्या ताज्या कडा अधिक विषारी असतात. म्हणून ड्रिल, ग्राइंडर व क्रशर यांच्या तोंडाशी निघणारी ताजी धूळ जुन्या साचलेल्या धुळीपेक्षा घातक ठरते. छिन्नी-हातोड्याच्या काळात पाथरवटाच्या हातून कपच्या अधिक व सूक्ष्म चूर्ण कमी निघे. यंत्राने हे प्रमाण उलटे केले.

रोग बहुधा दहा वर्षांहून अधिक संपर्कानंतर दिसतो. धूळ दाट असेल तर पाच ते दहा वर्षांत, आणि अतिशय दाट असेल तर काही महिन्यांतही. बनलेले तंतू कोणत्याही औषधाने विरत नाहीत, आणि काम सोडल्यावरही कण आत असल्यामुळे रोग पुढे सरकू शकतो. त्यात भर अशी, की क्षयाच्या जंतूला मारणारी भक्षकपेशी तीच, जिला गारगोटीने निकामी केलेले असते. म्हणून सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. व्यवहारात मात्र खोकला व दम घेऊन आलेल्या मजुराला काम कोणते, हे विचारलेच जात नाही. छातीच्या क्ष-किरण छायाचित्रातील डाग पाहून क्षयाची औषधे सुरू होतात, आणि थुंकीत जंतू न सापडता तीच औषधे पुन्हा पुन्हा दिली जातात. दोन्ही बाजूंच्या वरच्या भागांत सममित बारीक गाठी, थुंकीत जंतूंचा अभाव आणि दगडाच्या कामाची वर्षे, हे तिन्ही एकत्र आले की संशयाची दिशा बदलली पाहिजे, तथापि क्षय नाहीच असे मात्र त्यावरून ठरत नाही.

आता ज्या दस्तऐवजाने मला सर्वाधिक काळ गुंतवून ठेवले, त्याकडे वळतो. 2025 मध्ये रद्द झालेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत हवेतील विषारी पदार्थांच्या मर्यादांची जी यादी होती, तीत गारगोटीसमोर ठराविक आकडा नसून एक भागाकार होता: श्वासात जाणाऱ्या सूक्ष्म धुळीत गारगोटीचे जितके टक्के, त्यात दोन मिळवा, आणि त्या बेरजेने दहाला भागा, येणारा भागाकार म्हणजे एका घनमीटर हवेत परवानगी असलेली धूळ, मिलिग्रॅममध्ये. या ओळीत भूशास्त्र व वैद्यक एकत्र बसविले आहे. धुळीत गारगोटी दोन टक्के असेल तर मर्यादा अडीच मिलिग्रॅम. आठ टक्के असेल तर एक. आणि जवळजवळ शुद्ध गारगोटी दळणाऱ्या गिरणीत एक दशांश.

एक उदाहरण कल्पून मांडतो. क्रशरवरील कामगाराच्या कॉलरला, नाकाजवळ, एक लहानसा पंप जोडून त्याची नळी सायक्लोन नावाच्या फिरकी-चाळणीतून नेली, की जाड कण गळून सूक्ष्म तेवढे गाळणीवर बसतात. पंप मिनिटाला 2.2 लिटर हवा ओढीत असेल, तर आठ तासांत सुमारे 1056 लिटर, म्हणजे एक घनमीटराहून थोडी अधिक हवा जाते. गाळणीचे वजन 3.2 मिलिग्रॅमने वाढले, तर धूळ घनमीटरला सुमारे तीन मिलिग्रॅम. गारगोटी दोन टक्के निघाली तर मर्यादा अडीच, म्हणून जागा दोषी. आणि तोच तीन मिलिग्रॅमचा आकडा, एकच टक्का गारगोटी असलेल्या शुद्ध काळ्या पाषाणाच्या धुळीला लावला, तर मर्यादा 3.3 निघून जागा निर्दोष ठरते. दगडाच्या रंगाने उत्तर ठरत नाही, टक्क्याने ठरते.

या भागाकाराला एक मर्यादा आहे, ती मला खटकते. 2016 मध्ये अमेरिकेने हवेतील खुद्द स्फटिकरूप सिलिकेची मर्यादा घनमीटरला 0.05 मिलिग्रॅम अशी एकच ठरविली. आपल्या सूत्रात गारगोटी दोन टक्के असताना गारगोटीचा वाटा नेमका तेवढाच, 0.05, निघतो, परंतु टक्के वाढत गेले की तो वाटा 0.1 च्या जवळ जातो. म्हणजे दगड जितका घातक, तितकी आपली मर्यादा परदेशी मर्यादेहून सैल. हे उलट असावयास हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मर्यादा ओलांडली तर काय होते, याचा दाखला मध्य प्रदेशातील मंदसोरचा. शाळेतल्या पाटीवर आपल्यापैकी अनेकांनी ज्या पेन्सिलीने धुळाक्षरे गिरविली, त्या पेन्सिलीसाठी तेथे स्लेटचा दगड फिरत्या करवतींनी कोरडाच कापीत. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने तेथील 593 कामगार तपासले, व 1985 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात त्यांपैकी निम्म्याहून अधिकांना सिलिकोसिस असल्याचे नमूद केले. उपाय मुळात अवघड नव्हता: करवतीच्या पात्याशी आवरण व त्याला जोडलेला शोषणपंखा, म्हणजे धूळ माणसाच्या नाकाकडे जाण्याआधीच तिच्या उगमाशी पकडणे.

क्रशर व खाणीत हाच नियम निराळ्या रूपाने लागू होतो. सुरुंगाचे भोक पाडताना त्याच्या तोंडावर पाणी ओतणे हा देखावा आहे. धूळ निर्माण होते ती भोकाच्या तळाशी, टोकाच्या पोलादाखाली, म्हणून पाणी पोकळ ड्रिल रॉडमधून टोकापर्यंत सोडावे लागते, आणि उन्हाळ्यात पाणी नसेल तर भोकाच्या तोंडावर झाकण घालून पंख्याने ओढलेली धूळ पिशवीच्या गाळणीत धरावी लागते. जबडा-क्रशर, चाळणी व पट्ट्यावरून खडी खाली पडण्याच्या जागा झाकून तेथे पाण्याचे बारीक फवारे लागतात. पाण्याने दबलेली धूळ वाळली की पुन्हा उडते, म्हणून ती कोरडी झाडावयाची नाही, ओली करून उचलावयाची. आणि कपड्यांवरची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने तर मुळीच झटकावयाची नाही. तोंडावर बांधलेला गमछा सूक्ष्म कण अडवीत नाही. एन-95 मुखपट्टी चेहऱ्याला घट्ट बसली तर उपयोगी, परंतु दाढीच्या खुंटांवरून हवा कडेने आत शिरते आणि कामाच्या उकाड्यात ती दिवसभर टिकत नाही. म्हणून ती शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

खाण व क्रशर हे बहुधा एकाच मालकाचे असले तरी दोन निरनिराळ्या खात्यांच्या अमलाखाली येतात: खाण धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे, तर क्रशर कारखाना म्हणून राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. त्यात 2025 मध्ये रद्द झालेल्या 1952 च्या खाण अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाची सवलत अशी होती, की इमारतीचा दगड किंवा रस्त्याची खडी काढणारी उघडी खाण कोठेही सहा मीटरपेक्षा खोल नसेल, कोणत्याही दिवशी पन्नासहून अधिक माणसे नसतील आणि सुरुंग वापरले जात नसतील, तर अधिनियमाची बहुतेक कलमे तिला लागू होत नसत. फुफ्फुसाला खोली कळत नाही. पाच मीटरच्या खड्ड्यात यंत्राने कोरडा दगड कापणारा वडार तितकीच धूळ गिळतो.

आणि नुकसानभरपाईच्या दाव्यात जे मागितले जाते, तेच या माणसाकडे नसते. 2025 मध्ये रद्द झालेल्या 1923 च्या भरपाई अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस व्यवसायजन्य रोग म्हणून समाविष्ट होता. पण दाव्यात कोणत्या मालकाकडे, किती वर्षे, कोणते काम केले हे शाबीत करावे लागते, आणि मुकादमाच्या वहीत नावे रोजाने चढतात व खाण बदलली की वही बदलते. म्हणून मला भेटलेल्या प्रत्येक खडी-कामगाराला मी इतकेच सुचवितो, की घरातल्या शिकलेल्या मुलाकडून एक वही लिहवून घ्या: खाणीचे नाव व गाव, दगड काळा की फिकट, हातात ड्रिल की ग्राइंडर की फावडे, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, शेजारी कोण काम करीत होते. छातीचे पहिले छायाचित्र काम सुरू करतानाच काढून त्याच वहीत जपून ठेवा, म्हणजे पुढच्या छायाचित्राची तुलना करण्यास डॉक्टरांना काही आधार राहील.