दोन रिचार्ज प्लॅन आणि एक रास्त निवाडा

इन्स्टाग्रामवर बोटाने सरकवत पाहायच्या स्लाइड्सच्या मालिकेला कॅरूसेल म्हणतात. दोन मोबाइल प्लॅनची तुलना तिथे छान मांडता येते. पण अनेकदा शेवटच्या स्लाइडवर एका प्लॅनला हिरवी खूण, दुसऱ्याला लाल फुली दिसते आणि हा निकाल कुठून आला ते मागच्या स्लाइड्सवरून कळतच नाही.

उदाहरणादाखल दोन काल्पनिक प्रीपेड प्लॅन घेऊ. पहिला २९९ रुपयांचा, २८ दिवसांचा, रोज दीड जीबी डेटा. दुसरा ८५९ रुपयांचा, ८४ दिवसांचा, रोज दोन जीबी. कॉल दोन्हींत अमर्याद. नुसत्या किमती शेजारी ठेवल्या तर पहिला स्वस्त वाटतो, म्हणून आधी दोघांना एका मापात आणायचं. ‘महिना’ हे माप इथे चालत नाही, कारण २८ दिवसांच्या प्लॅनला वर्षभरात तेरा रिचार्ज लागतात. दिवसाचा खर्च काढला की पहिला सुमारे १० रुपये ६८ पैशांना पडतो, दुसरा १० रुपये २३ पैशांना. ८४ दिवसांत फरक ३८ रुपयांचा.

खरी गफलत होते ती पुढच्या स्लाइडवर. एका जीबीचा भाव काढला तर पहिल्यात सात रुपयांच्या वर जातो, दुसऱ्यात पाचाच्या आसपास येतो, आणि दुसरा प्लॅन दणदणीत जिंकल्यासारखा दिसतो. पण रोजच्या कोट्यातला उरलेला डेटा सहसा त्याच रात्री संपतो, दुसऱ्या दिवशी मिळत नाही. घरी वायफाय असलेल्या माणसाचा रोजचा वापर अर्धा जीबी असेल, तर ही जीबीची स्वस्ताई त्याच्या काहीच कामाची नाही. म्हणून हा भाव द्यायचाच असेल, तर ‘पूर्ण कोटा वापरला तर’ हे शब्द त्याच स्लाइडवर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत हवेत.

मांडणीतूनही पक्षपात शिरतो. दोन्ही बाजूंना अक्षरांचा आकार सारखा हवा, ओळींचा क्रम तोच हवा आणि लाल-हिरवा रंग टाळायला हवा. एकाचे फायदे आणि दुसऱ्याच्या अटी समोरासमोर ठेवल्या, तर आकडे खरे असूनही तुलना खोटी ठरते. दर वरचेवर बदलतात, म्हणून ते कोणत्या तारखेचे आहेत हेही लिहायचं.

आता निवाड्याची स्लाइड. तिथे मी एवढंच लिहीन: ‘रोज दीड जीबी पुरत नसेल आणि तुमच्या भागात या कंपनीचं नेटवर्क पक्कं असेल, तर ८४ दिवसांचा घ्या. नंबर पोर्ट करायचा विचार असेल किंवा एकदम ८५९ रुपये काढणं जड जात असेल, तर २८ दिवसांचा घ्या. त्यासाठी ८४ दिवसांत ३८ रुपये जास्त जातील.’ यातला प्रत्येक आकडा वाचकाला मागे सरकून पडताळता येतो.

आणि कंपनीकडून मोबदला घेतला असेल, तर ‘जाहिरात’ हा शब्द शेवटच्या स्लाइडच्या कोपऱ्यात दडवू नका, पहिल्याच स्लाइडवर ठळक लिहा.