भित्र्याने रॅकून सिटीला जाताना

घाबरट माणूस हॉरर गेम सुरू करताना दोन गोष्टी हमखास करतो. आवाज बंद करतो आणि खोलीतले सगळे दिवे लावतो. दोन्हींचा फायदा होतो तेवढाच तोटाही होतो. अशा गेममध्ये समोरच्या राक्षसापेक्षा तो नेमका कुठे आहे हे न कळणं जास्त छळतं, आणि या दोन उपायांनी कळण्याचीच वाट बंद होते.

कॅपकॉमचा 2019चा ‘रेसिडेंट ईव्हिल 2’ घेऊ. झॉम्बींनी गिळलेलं रॅकून सिटी नावाचं शहर, त्यातलं अंधारं पोलीस ठाणं आणि आत अडकलेले आपण. काही वेळाने या ठाण्यात एक उंच, टोपीवाला धिप्पाड प्राणी शिरतो. खेळाडू त्याला मिस्टर एक्स म्हणतात. तो तिथे मरत नाही, फार तर गोळ्या घालून थोडा वेळ गुडघ्यावर आणता येतो. त्याच्या बुटांची धपधप भिंतीपलीकडूनही ऐकू येते. ती जवळ येतेय की लांब जातेय, वरच्या मजल्यावर आहे की शेजारच्या खोलीत, हे नीट कान दिला तर समजतं. आवाज बंद केलात तर तोच प्राणी एकदम दारात उभा दिसेल. म्हणून आवाज बंद करण्याऐवजी कमी करा, आणि हेडफोन काढून स्पीकर लावा. टीव्हीला ‘नाइट मोड’ असेल तर तो चालू करा. त्याने मोठे आवाज दबतात, बारीक आवाज उठून येतात. दचकवणारा असतो तो अचानकपणे येणारा मोठा आवाज. पावलं तशीच ऐकू येत राहतात.

आता उजेडाचं. अंधारात माणूस जास्त दचकतो, हे प्रयोगांतही दिसलेलं आहे. तेव्हा मिट्ट काळोख करून खेळण्याची मर्दुमकी भित्र्याने दुसऱ्यांना लखलाभ म्हणावी. पण डोक्यावरची ट्यूबलाइट स्क्रीनवर चमकते आणि गेममधले काळे कोपरे त्या चमकेखाली दिसेनासे होतात. मग झॉम्बी अंगावर आल्यावरच दिसतो. त्यापेक्षा टीव्हीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एक छोटा दिवा ठेवावा. खोली ओळखीची राहते आणि स्क्रीनवर प्रतिबिंब पडत नाही. गेममधला ब्राइटनेस सुचवलेल्यापेक्षा एखाद-दुसरा टप्पा वाढवायला हरकत नाही. खूप वाढवला तर काळ्याचा राखाडी होतो आणि सगळंच चित्र धुरकट दिसतं.

तिसरी गोष्ट वेगाची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. या गेममध्ये टाइपरायटरपाशी गेम सेव्ह होतो. स्टँडर्ड आणि असिस्टेड या पातळ्यांवर सेव्ह करायला काहीच खर्च येत नाही. असिस्टेडमध्ये नेम धरायला मदत मिळते आणि जखमाही काही प्रमाणात आपोआप भरतात. नवख्याने तीच निवडावी, लाज बाळगू नये. मग एका वेळी एकच काम ठरवायचं : त्या कपाटापर्यंत जायचं, वस्तू उचलायची, परत यायचं, सेव्ह करायचं. नकाशात काही शिल्लक असलेली खोली लाल दिसते, पूर्ण झाडून झालेली निळी. हातात फळ्या असतील तर उघड्या खिडक्या बंद करून टाका, म्हणजे तिथून नवे झॉम्बी आत येणार नाहीत.

मिस्टर एक्स येतो तो पडलेल्या हेलिकॉप्टरची आग विझवल्यानंतर. तेव्हा पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवण्याआधी थांबावं. जिथे जाता येतं त्या खोल्या निळ्या करून घ्याव्यात, रोजच्या वाटेतल्या झॉम्बींचे पाय जायबंदी करावेत, सेव्ह करावं. नंतर तो मागे लागला तरी पळायची वाट मोकळी असते. तो धावत नाही, लांब ढांगा टाकत चालतो. टाइपरायटर असलेल्या बंद खोल्यांत तो येत नाही. मात्र ठाण्याच्या मोठ्या दालनात टाइपरायटर असूनही येतो, तिथे फसू नका.

लिकर नावाचा उघड्या मेंदूचा प्राणी आंधळा आहे, पण त्याचे कान तिखट आहेत. त्याच्याजवळून पळणारा मरतो, बंदूक खाली ठेवून पावलापावलाने सरकणारा निसटतो. भित्र्याची मंद चाल इथे चक्क कामी येते.

खेळ बंद करतानाही पाठलागाच्या मध्येच बटण दाबू नका. आधी त्या सुरक्षित खोलीत पोहोचा, तिथलं संथ संगीत दोन मिनिटं ऐका, मग थांबा. नाहीतर पुढच्या वेळी गेम उघडायचा म्हटलं की तोच पाठलाग आठवतो. झोपायच्या तोंडावर तर खेळूच नये.

या उपायांनी दचकणं कमी होतं, किळस नाही. फाटलेली शरीरं बघवत नसतील तर हा गेम सोडून द्यावा; तसाही तो प्रौढांसाठीच आहे. आणि पाठलाग हेच मूळ दुखणं असेल तर समुद्राच्या तळाशी घडणारा ‘सोमा’ पाहा. 2015च्या या गेमला 2017मध्ये ‘सेफ मोड’ मिळाला. त्यात राक्षस दिसतात, जवळही येतात, पण जीव घेत नाहीत.