हेअर डायचे डाग: बेसिन, फरशी आणि मग

केसांचा डाय हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू गडद होतो, म्हणून सांडल्याबरोबर साबणाच्या पाण्याने पुसावा. बेसिनच्या गुळगुळीत चकाकीवर डाग वरच राहतो. खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून लावा, दहा मिनिटांनी मऊ स्पंजने चोळा. तारेची घासणी वापरू नका. तिच्या ओरखड्यांत पुढचा डाग मुरतो.

फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट मात्र रंग शोषतं. तिथे पातळ केलेलं ब्लीच कापसाने लावून पाच-दहा मिनिटांनी धुवा. त्याआधी डाय पूर्ण धुऊन काढा, कारण त्यात अमोनिया असू शकतो. ब्लीचमध्ये अमोनिया किंवा अ‍ॅसिड मिसळलं की विषारी वायू सुटतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

प्लॅस्टिकच्या मगात रंग आत झिरपतो. सोड्याने तो फिका होईल, पण पूर्ण जाईलच असं नाही. तो मग डायसाठीच ठेवावा.