अंदाजपत्रकातलं ‘यात नाही’

‘एक साधं ॲप हवंय. लोक यादी पाठवतील, आम्ही सामान घरपोच देऊ.’ किराणा दुकानदाराची मागणी बहुतेक वेळा एवढीच असते. साताऱ्यासारख्या गावातलं सहाशे वस्तूंचं एखादं दुकान डोळ्यांसमोर आणा. यावर ॲप करून देणाऱ्याने तोंडी आकडा सांगितला की भांडणाचं बी तिथेच पडतं. दुकानदाराच्या मनातल्या ‘साध्या’त पैसे भरणं, उधारीची वही आणि पोऱ्या कुठे पोचला हे दाखवणारा नकाशाही असतो. म्हणून आधी पत्र द्यावं.

‘स.न.वि.वि.’नंतर काय काय मिळेल ते चार ओळींत लिहावं. गिऱ्हाईक वस्तू निवडेल, पत्ता देईल, ऑर्डर पाठवेल. दुकानात मोबाइलवर घंटा वाजेल. दुकानदार ती ऑर्डर स्वीकारेल किंवा नाकारेल, आणि भाव बदलला तर स्वतः दुरुस्त करेल. ॲप फक्त अँड्रॉइड फोनवर चालेल. हा भाग लिहायला सोपा आहे; खरी मेहनत पुढच्या पानावर लागते. त्याचा मथळा ठळक हवा: ‘या रकमेत काय नाही’.

पहिली ओळ ऑनलाइन पैशांची. ‘ॲपमध्ये पैसे भरण्याची सोय नाही. सामान पोचल्यावर रोख किंवा दुकानाच्या क्यूआर कोडवर.’ हे वाचून दुकानदार हमखास विचारतो, का हो? कारण त्याच्याच तराजूत आहे. गिऱ्हाईक एक किलो सुटी तूरडाळ मागवतं, पुड्यात भरते एक किलो चाळीस ग्रॅम. गूळ फोडला की ढेकूळ मागितल्या वजनाचं निघेलच असं नाही. एखादी वस्तू संपलेलीही असते. आधी पैसे घेतले तर प्रत्येक वेळी फरक परत द्या किंवा मागा, आणि तो हिशेब ठेवणारा वेगळा भाग बांधा. म्हणून पत्रात लिहावं: ‘ॲपवरची रक्कम अंदाजे असेल, दुकानाचं बिल अंतिम.’ हे एक वाक्य बरेच वाद टाळतं.

दुसरी ओळ शिलकीची. दुकानातल्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरशी ॲप जोडलेलं नसेल, म्हणजे काउंटरवर शेवटचा पुडा विकला गेला तरी ॲपमध्ये तो दिसतच राहील. तो दुकानदाराने हाताने ‘संपले’ करायचा. पत्रात नुसतं ‘शिलकीची जोडणी नाही’ एवढं लिहून भागत नाही. मग ते काम कोण करणार, तेही त्याच ओळीत यायला हवं. माझ्या मते ‘यात नाही’ची यादी चांगली की वाईट, हे यावरच ठरतं. नकार देऊन गप्प बसणारी यादी म्हणजे नुसती पळवाट.

वस्तूंची नावं, भाव आणि फोटो दुकानदार एका तक्त्यात भरून देईल, हेही असंच नाव घालून लिहावं. सगळ्यात जास्त उशीर इथेच होतो. सहाशे वस्तूंना प्रत्येकी तीन मिनिटं धरली तरी तीस तास होतात, आणि गल्ल्यावरून उठायला तेवढी सवड कुणाला असते? ओटीपीचा एसएमएसही वगळावा. त्याला दर संदेशामागे पैसे पडतात, आणि आधी नियमाप्रमाणे नोंदणी करावी लागते. त्याऐवजी नव्या गिऱ्हाइकाच्या पहिल्या ऑर्डरला दुकानातून फोन जाईल. उधारी, नकाशा आणि आयफोन यांना एकेक ओळ पुरते.

मग आकडा. गिऱ्हाइकाचा भाग नऊ दिवस, दुकानाचा सहा, सर्व्हर चार, चाचणी आणि दुरुस्त्या चार, म्हणजे एकूण तेवीस दिवस. दिवसाला 3,500 रुपये धरले तर 80,500 होतात. पत्रात ‘80,000 ते 95,000’ असा पल्ला द्यावा आणि किती दिवस तो लागू राहील तेही लिहावं. ॲप करणारा जीएसटीत नोंदलेला असेल तर 18 टक्के वर, हे वेगळं दाखवावं. सर्व्हरचं भाडंही वेगळं, कारण ते ॲप चालू आहे तोवर संपत नाही.

गूगल प्लेचं खातं दुकानदाराच्या नावाने उघडावं. नोंदणी एकदाच, 25 डॉलर. ते करणाऱ्याच्या नावावर राहिलं तर उद्या माणूस बदलला की ॲप अडकतं. नवं वैयक्तिक खातं असेल तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी बारा जणांनी सलग चौदा दिवस चाचणीत राहावं लागतं. कामाच्या तेवीस दिवसांत हे दिवस मोडत नाहीत. म्हणून दिवाळीच्या आधी ॲप हवं असेल तर फराळाच्या सामानाची गर्दी सुरू व्हायच्या दोन महिने आधी सही झालेली बरी, आणि ते बारा जण कोण, त्यांची नावं दुकानदाराने सहीबरोबरच द्यावीत.