रोख्याचे गणित सहामाहीत मांडा

रोखेबाजाराच्या परीक्षेत हमखास येणारा एक प्रश्न घेऊ. रोख्याचे दर्शनी मूल्य १०० रुपये, मुदत २ वर्षे, कूपन म्हणजे वार्षिक व्याज ८ टक्के, पण ते दर सहा महिन्यांनी मिळते. बाजारातला परतावा, म्हणजेच यील्ड, १० टक्के आहे. रोख्याची किंमत आणि ड्युरेशन काढा. भारत सरकारचे बहुतेक रोखेही असेच सहामाही व्याज देतात.

आधी सगळे सहामाहीत आणायचे. व्याज ८ ऐवजी ४ रुपये, यील्ड १० ऐवजी ५ टक्के आणि २ वर्षांचे ४ हप्ते. पुढे मिळणाऱ्या प्रत्येक रकमेचे आजचे मोल काढायचे. पहिल्या ४ रुपयांना १.०५ ने एकदा भागले की ३.८१ रुपये येतात. पुढच्या हप्त्यांना दोनदा आणि तीनदा भागले की ३.६३ आणि ३.४६. शेवटी व्याज आणि मुद्दल मिळून येणाऱ्या १०४ रुपयांना चारदा भागले की ८५.५६. बेरीज सुमारे ९६.४५ रुपये, हीच किंमत. व्याज यील्डपेक्षा कमी असल्याने ती १०० च्या खालीच यायला हवी. वर आली, तर कुठेतरी चुकले आहे.

आता ड्युरेशन. फ्रेडरिक मॅकॉले यांनी १९३८ मध्ये ही कल्पना मांडली. आपले पैसे सरासरी किती काळाने हाती येतात, हे ती सांगते. प्रत्येक रकमेच्या आजच्या मोलाला तिच्या हप्त्याच्या क्रमांकाने गुणायचे, बेरीज करायची आणि किमतीने भागायचे. उत्तर येते ३.७७.

बरेच विद्यार्थी इथेच थांबतात आणि '३.७७ वर्षे' लिहून मोकळे होतात. पण रोखाच २ वर्षांत संपतो, मग पैसे सरासरी पावणेचार वर्षांनी कसे मिळतील? हा आकडा सहामाहींचा आहे. त्याला २ ने भागले की १.८९ वर्षे मिळतात.

यील्ड बदलल्यावर किंमत किती हलेल, हे पाहायला मॉडिफाइड ड्युरेशन लागते. त्यासाठी १.८९ ला १.१० ने नव्हे, तर सहामाही दराच्या १.०५ ने भागायचे. उत्तर सुमारे १.८०. म्हणजे यील्ड १ टक्क्याने वाढले, तर किंमत अंदाजे १.८ टक्के, म्हणजे १.७३ रुपयांनी उतरेल.

पडताळा घेऊ. यील्ड ११ टक्के धरून किंमत नव्याने काढली तर ती ९४.७४ येते. म्हणजे घसरण १.७१ रुपयांची, अंदाजापेक्षा दोन पैशांनी कमी. किंमत आणि यील्ड यांचे नाते सरळ रेषेचे नसून वक्र असल्याने हा फरक पडतो. यील्डमधला बदल आणि रोख्याची मुदत जितकी मोठी, तितका तो वाढतो. त्यामुळे छोट्या बदलापुरताच ड्युरेशनचा अंदाज वापरावा. बदल मोठा असेल, तर किंमत पहिल्यापासून पुन्हा काढावी.