दोन सॅम्पलमध्ये काम फत्ते! पण डेडबीट कंट्रोल इतका जोर का मागतो?

फोनचा कॅमेरा उघडून समोरच्या चेहऱ्यावर टॅप केलं की आत एक चिमुकली लेन्स पुढे-मागे सरकते आणि चित्र स्पष्ट होतं. अनेक फोनमध्ये हे काम व्हॉइस कॉइल मोटर करते. म्हणजे चुंबकाजवळ तारेचं एक वेटोळं असतं, त्यातून करंट सोडला की लेन्स ढकलली जाते. करंट दुप्पट केला की जोर दुप्पट, उलटा केला की जोर उलटा. तुम्हाला कधीकधी दिसलं असेल की फोकस नेमक्या जागी न थांबता पुढे जातो, मग मागे येतो, पुन्हा थोडा पुढे जातो. तर प्रश्न असा, की लेन्सला एका जागेवरून दुसऱ्या जागी नेऊन, न डुलता, ठप्प उभं करायला कमीत कमी किती वेळ लागेल?

ह्या प्रश्नाचं एक फार देखणं उत्तर म्हणजे डेडबीट कंट्रोल. हे नाव जुन्या गॅल्व्हानोमीटरच्या काट्यांवरून ओळखीचं आहे. जो काटा आकड्यावर जाऊन न झुलता थांबायचा, त्याला डेडबीट म्हणायचे.

आधी 'सॅम्पल' म्हणजे काय ते बघू. लेन्सवर नजर ठेवणारी चिप सतत बघत नसते. ती ठरावीक वेळाने, समजा दर १ मिलिसेकंदाला, लेन्स कुठे आहे ते मोजते, किती जोर लावायचा ते ठरवते आणि पुढच्या मोजणीपर्यंत तोच जोर कायम ठेवते. ह्या दोन मोजण्यांमधल्या वेळाला आपण T म्हणू.

आता लेन्स एकदम साधी धरू. स्प्रिंग नाही, घर्षण नाही, नुसतं ०.१ ग्रॅमचं वस्तुमान. (खऱ्या मोटरीत स्प्रिंग असते, त्याने आकडे बदलतात, पण मूळ गोष्ट तीच राहते.) लेन्सला १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, सरकवायचं आहे. शेवटी दोन गोष्टी जुळायला हव्यात: जागा बरोबर हवी आणि वेग शून्य हवा. नुसती जागा बरोबर असून भागत नाही, कारण वेग शिल्लक असेल तर लेन्स पुढच्या क्षणी निघून जाईल. चिपला प्रत्येक सॅम्पलला एकच निर्णय घेता येतो. दोन अटी, प्रत्येक सॅम्पलला एक निर्णय, म्हणजे कमीत कमी दोन सॅम्पल लागणारच. एका सॅम्पलमध्ये हे होत नाही. दोनात मात्र होतं, आणि अगदी पूर्ण होतं.

कसं ते बघा. पहिल्या मिलिसेकंदात पुढे ढकलायचं, दुसऱ्यात तेवढाच जोर उलटा लावून ब्रेक मारायचा. त्वरण १०० मीटर प्रति सेकंद वर्ग ठेवलं, तर पहिल्या मिलिसेकंदाअखेर लेन्स ५० मायक्रॉन सरकलेली असते आणि तिचा वेग दर मिलिसेकंदाला १०० मायक्रॉन झालेला असतो. दुसऱ्या मिलिसेकंदात ती उरलेले ५० मायक्रॉन कापते आणि त्याच क्षणी वेग शून्य होतो. २ मिलिसेकंदात काम संपलं.

हे चिपला सांगायचं तर सूत्र असं लिहितात. इथे e म्हणजे लक्ष्यापासूनचं अंतर (मागे असेल तर उणे), v म्हणजे वेग आणि u म्हणजे द्यायचं त्वरण:

```
u = -e/T² - 1.5·v/T
```

आकडे घालून बघा. सुरुवातीला e = -100, v = 0, T = 1, म्हणून u = 100 येतं. पुढच्या सॅम्पलला e = -50, v = 100, म्हणून u = 50 - 150 = -100. त्यानंतर दोन्ही शून्य, म्हणून जोरही शून्य. नेहमीच्या कंट्रोलरमध्ये चूक दर वेळी अर्धी, मग पाव, मग आणखी कमी अशी घटत जाते, पण हिशेबाने ती कधीच पूर्ण संपत नाही. इथे ती दोन सॅम्पलनंतर खरोखर शून्य होते. सलग वेळात चालणाऱ्या साध्या रेषीय कंट्रोलरला हे जमत नाही. ही सॅम्पल घेऊन चालणाऱ्या सिस्टिमची खासियत आहे.

आता त्या सूत्राकडे जरा संशयाने बघा. त्यात आपल्या हातात काय आहे? कुठेही 'जरा हळू घे' असं सांगायचं बटण नाही. दोन सॅम्पलमध्ये पोचायचं म्हटलं की दोन्ही जोर ठरूनच जातात. आपण फक्त T निवडू शकतो, आणि पहिला जोर अंतर भागिले T चा वर्ग इतका लागतो. इथेच खरी मेख आहे.

T = १ मिलिसेकंद असताना लागलेलं १०० मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साधारण दहापट. ०.१ ग्रॅमच्या लेन्ससाठी जोर होतो १० मिलिन्यूटन, म्हणजे १ ग्रॅम वजन उचलण्याइतका. ठीक आहे. आता कुणी म्हणेल, चिप फास्ट आहे, तर T = ०.१ मिलिसेकंद करू. सॅम्पल दहापट वेगाने घेतले, तर जोर शंभरपट लागतो. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट त्वरण आणि १ न्यूटन जोर. ०.१ ग्रॅमच्या लेन्सला ढकलायला १०० ग्रॅम उचलण्याइतका जोर!

आणि उष्णतेचा हिशेब तर आणखी वाईट आहे. जोर करंटच्या प्रमाणात वाढतो, पण तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जोर शंभरपट म्हणजे उष्णतेचा दर दहा हजारपट. काम दहापट लवकर संपतं, म्हणून एका हालचालीला लागणारी ऊर्जा 'फक्त' हजारपट होते. फोनच्या बॅटरीला हे कोण समजावणार?

मग प्रत्यक्षात काय होतं? ड्रायव्हर चिप तेवढा करंट देतच नाही. तिची एक कमाल मर्यादा असते, त्यापुढे जोर जागच्या जागी कापला जातो. ह्याला सॅच्युरेशन म्हणतात. सूत्राला ह्याचा पत्ताच नसतो. ते आपलं मागत राहतं. समजा T = ०.५ मिलिसेकंद आहे. आता ४० मिलिन्यूटन जोर हवा, पण ड्रायव्हर फक्त ४ देऊ शकतो, म्हणजे कमाल त्वरण ४०. हा छोटा प्रोग्रॅम फोनवरच्या कुठल्याही पायथन ॲपमध्ये चालवून बघा:

```python
T, limit = 0.5, 40
e, v = -100.0, 0.0
for k in range(20):
    u = -e/T**2 - 1.5*v/T
    u = max(-limit, min(limit, u))
    e += v*T + 0.5*u*T*T
    v += u*T
    print(k+1, e, v)
```

(अंतर मायक्रॉनमध्ये आणि वेळ मिलिसेकंदात घेतली की त्वरणाचा आकडा आपोआप मीटर प्रति सेकंद वर्गात येतो, हा एक छान योगायोग.)

दुसऱ्या सॅम्पलला लेन्स अजून ८० मायक्रॉन मागेच असते. चौथ्याला २० मागे. सूत्र म्हणतं, आता कचकचून ब्रेक मार. पण ब्रेकसुद्धा पाव हिस्साच मिळतो. लेन्स लक्ष्य ओलांडून जाते आणि आठव्या सॅम्पलला ६० मायक्रॉन पुढे जाऊन थांबते. मग परत येते, चौदाव्याला ३० मायक्रॉन मागे जाते, अठराव्याला १० पुढे. शेवटी विसाव्या सॅम्पलला, म्हणजे १० मिलिसेकंदांनी, जागेवर बसते. स्क्रीनवर ह्याचाच अर्थ फोकस डुलतोय.

गंमत बघा. त्याच मोटरीवर, त्याच ४ मिलिन्यूटनच्या मर्यादेत, T वाढवून १.६ मिलिसेकंद केला तर? लागणारा जोर होतो साधारण ३.९ मिलिन्यूटन. मर्यादेत बसला! दोन सॅम्पल, एकूण ३.२ मिलिसेकंद, आणि लेन्स ठप्प उभी. म्हणजे सॅम्पल हळू घेतले आणि काम तिप्पट लवकर झालं. 'कमीत कमी सॅम्पल' आणि 'कमीत कमी वेळ' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेडबीट फक्त पहिलीची हमी देतो, तीही जोर पुरला तर.

T बदलणं शक्य नसेल, तर दोनाऐवजी जास्त सॅम्पल घ्यायचे. T = ०.५ ठेवून चार सॅम्पलमध्ये पोचायचं ठरवलं, दोन सॅम्पल पुढे आणि दोन सॅम्पल ब्रेक, तर कमाल जोर थेट पाव होतो, ४० वरून १० मिलिन्यूटन. ऊर्जा तर आठव्या हिश्श्यावर येते. माझ्या मते बऱ्याच ठिकाणी हाच सौदा शहाणपणाचा आहे.

आता दुसरा त्रास. सूत्रात लेन्सचं वस्तुमान अचूक माहीत आहे असं गृहीत धरलंय. ते खरं तर २० टक्के जास्त असेल तर? T = १ च्या उदाहरणात दोन सॅम्पलनंतर लेन्स जेमतेम ३ मायक्रॉन मागे असते, पण थांबलेली नसते. पुढच्या सॅम्पलला ती जवळपास ९ मायक्रॉन पुढे गेलेली असते, आणि मग हळूहळू परत येते. 'ठप्प' हा शब्द गेला. शिवाय जागेच्या मोजमापात १ मायक्रॉनची चूक झाली, तर T = ०.१ असताना सूत्र त्या खोट्या मायक्रॉनसाठी १० मिलिन्यूटन जोर लावतं. प्रत्येक सॅम्पलला असं इकडे-तिकडे ढकलणं म्हणजे लेन्स जागेवर थरथरणार आणि वेटोळं विनाकारण तापणार.

डोलणाऱ्या लेन्सचा दोष सॅच्युरेशनचा की चुकीच्या वस्तुमानाचा, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. आधी छोटी हालचाल द्या. वरच्या मोटरीत T = ०.५ असताना १० मायक्रॉनच्या हालचालीला बरोबर ४ मिलिन्यूटन लागतात, म्हणजे काहीच कापलं जात नाही. ही छोटी हालचाल दोन सॅम्पलमध्ये स्वच्छ थांबली आणि १०० ची डोलली, तर जोर कमी पडतोय. छोटीही डोलली, तर वस्तुमानाचा किंवा स्प्रिंगचा आकडा तपासा.

डेडबीट खरोखर वापरला जातो ती एक जागा म्हणजे मोटर चालवणाऱ्या इन्व्हर्टरमधला करंट. तिथे जुळवायची गोष्ट एकच असते, करंट, म्हणून हिशेबाने एक सॅम्पल पुरतो. चिपला गणित करायलाच एक सॅम्पल जातो, म्हणून प्रत्यक्षात दोन. ५ मिलिहेन्रीच्या वेटोळ्यात १०० मायक्रोसेकंदात २ अँपिअर वाढवायचे तर १०० व्होल्ट लागतात. ते मिळतात, कारण घरच्या २३० व्होल्टवरून बनवलेला डीसी साधारण ३२५ व्होल्टचा असतो. पण एकदम १० अँपिअर मागितले, तर ५०० व्होल्ट हवेत, आणि ते कुठूनच येत नाहीत. म्हणून तिथे मोठा बदल एका दमात न मागता तुकड्यांत मागतात. वरच्या लेन्सलाही तसंच प्रत्येक वेळी १० मायक्रॉनच्या आतलं लक्ष्य देत गेलात, तर ड्रायव्हरची मर्यादा कधीच आडवी येत नाही.